सात खंडांच्या अनुवादकाविषयी प्रकाशकाने काय लिहावे?

पाली जातककथांची संख्या ५४७. डॅनिश पंडित व्हिगो फाउसबॉल यांनी या कथांची मूळ पाली संहिता १८७७ ते १८९६ या काळात सहा खंडांत संपादित करून छापली. पहिल्या खंडात १५० कथा आहेत, दुसऱ्यातही १५०, तिसऱ्यात १३८, चौथ्यात ७२, पाचव्यात २७ आणि सहाव्यात अवघ्या १०. खंडांची जाडी मात्र फारशी वेगळी नाही. चार खंड हातावेगळे केलेल्या अनुवादकाच्या ५१० कथा झालेल्या असतात आणि ३७ उरलेल्या असतात. काम संपत आले असे कोणालाही वाटेल. पानांचा हिशेब मांडला तर एक तृतीयांशाहून अधिक काम अजून बाकी असते.

याचे कारण या संग्रहाच्या रचनेत आहे. जातकांची मांडणी विषयावरून केलेली नाही, ती गाथांच्या म्हणजे पद्यांच्या संख्येवरून केलेली आहे. ज्या कथांत एकेकच गाथा आहे त्या १५० कथा पहिल्या ‘निपातात’, दोन गाथांच्या १०० कथा दुसऱ्यात, तीन गाथांच्या ५० तिसऱ्यात, चार गाथांच्या ५० चौथ्यात, असे हे गट वाढत जातात. शेवटच्या महानिपातात दहाच कथा, पण एकेक कथा छोट्या कादंबरीएवढी. अगदी अखेरच्या वेस्संतर जातकात सातशेहून अधिक गाथा आहेत. म्हणजे डोंगर चढणाऱ्याला शेवटचा कडा सर्वांत उभा लागावा तशी ही रचना आहे, आणि मधेच सोडून द्यावे असे वाटण्याची वेळही तिथेच येते.

दुर्गा भागवत यांनी या जातककथा ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत मराठीत आणल्या. पुण्याच्या वरदा प्रकाशनाने त्या छापल्या. मराठीतल्या दीर्घ अनुवादांची यादी करायची झाली तर हे सात खंड तिच्यात अगदी वरच्या जागी येतील. असे काम हाती आल्यावर प्रकाशकाने त्याच्याविषयी वाचकाला काय सांगायचे? पुस्तकाच्या सुरुवातीला जे पान-दीड पान ‘प्रकाशकाचे निवेदन’ किंवा ‘मनोगत’ म्हणून छापले जाते, ते अशा अनुवादकाच्या वाट्याला कसे यायला हवे? प्रश्न लहान दिसतो, पण वाचकाला अनुवाद कसा वाचायचा हे कळणे या एका पानावर बरेच अवलंबून असते.

मराठी प्रकाशकांना आपल्या लेखकांविषयी आपुलकीने लिहिण्याची परंपरा नवी नाही. पॉप्युलरच्या रामदास भटकळांनी ‘जिगसॉ’मध्ये लेखकांची जी चित्रे रेखाटली, ती आजही आवडीने वाचली जातात. अनुवादकाच्या बाबतीत मात्र निवेदने बहुधा ठरावीक वळणाने जातात. मूळ ग्रंथ किती थोर आहे यावर तीन परिच्छेद, तो मराठीत यावा ही अनेकांची इच्छा होती यावर एक, आणि मग एका वाक्यात अनुवादकाचे आभार: अथक परिश्रम, ओघवती भाषा, मूळ मराठीतच लिहिल्यासारखे वाटणारे लेखन. त्यापुढे मुद्रक, मुखपृष्ठकार, मुद्रितशोधक. ही विशेषणे खोटी नसतात. पण ती कोणत्याही पुस्तकाला लावता येतात, आणि म्हणूनच त्यांतून या अनुवादकाने नेमके काय केले हे वाचकाला कळत नाही.

ते कळण्यासाठी एका कथेची उस्तवार पाहू. चौथ्या निपातातले, क्रमांक ३१६ चे ससजातक घ्या. सशाची गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते: भुकेल्या याचकाला देण्यासारखे काही नाही म्हणून सशाने आगीत उडी घेतली आणि त्याची आठवण म्हणून चंद्रावर सशाचे चित्र उमटले. मुलांच्या पुस्तकात ही गोष्ट दोन पानांत आटोपते. पालीतले जातक मात्र पाच थरांचे आहे.

पहिला थर वर्तमानकथेचा. श्रावस्तीतल्या एका गृहस्थाने बुद्धप्रमुख भिक्षुसंघाला भोजन आणि भिक्षूंना लागणाऱ्या सगळ्या वस्तूंचे दान केले, त्या प्रसंगी बुद्धांनी ही गोष्ट सांगितली. दुसरा थर अतीतकथेचा: वाराणसीत ब्रह्मदत्त राज्य करत असताना बोधिसत्त्व सशाच्या जन्मात होता आणि पाणमांजर, कोल्हा, माकड हे त्याचे मित्र होते. उपोसथाच्या दिवशी ब्राह्मणाच्या वेषात शक्र आला. पाणमांजराने आपल्याजवळचे सात मासे देऊ केले. कोल्ह्याने शेतराख्याच्या खोपटातून आणलेले मांस, घोरपड आणि दह्याचे मडके देऊ केले. माकडाने आंबे, थंड पाणी आणि सावली देऊ केली. सशाजवळ ना तीळ, ना मूग, ना तांदूळ. म्हणून त्याने स्वतःलाच देऊ केले.

तिसरा थर गाथांचा. या कथेत चार गाथा आहेत आणि चार प्राण्यांच्या तोंडी एकेक आहे. चौथा थर टीकेचा: गाथांतल्या शब्दांचे अर्थ सांगणारी, व्याकरणाच्या अंगाने जाणारी स्पष्टीकरणे. पाचवा थर शेवटचा मेळ घालणारा, त्याला समोधान म्हणतात: त्या जन्मीचे पाणमांजर म्हणजे आनंद, कोल्हा म्हणजे मोग्गल्लान, माकड म्हणजे सारिपुत्त आणि ससा म्हणजे स्वतः बुद्ध.

आता अनुवादकाचे काम पाहा. गद्य आणि गाथा एका काळातली नाहीत. बौद्धांच्या त्रिपिटकात स्थान आहे ते गाथांना. भोवतीचे गद्य अट्ठकथेतले आहे आणि आजच्या रूपात ते साधारण इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात स्थिरावले. गाथा जुन्या, आटोपशीर आणि पुष्कळदा अवघड. गद्य सैल, पाल्हाळिक, सांगणाऱ्याच्या तोंडचे. दोन्ही एकाच मराठीत ओतले तर वाचायला सोपे जाते, पण दोन काळांमधले अंतर पुसले जाते. गाथा पद्यात उतरवल्या तर छंदासाठी शब्द वाढतात, गद्यात उतरवल्या तर त्या आसपासच्या मजकुरात हरवतात. टीकेचा थर पूर्ण घ्यावा तर गोष्टीत रमलेला वाचक अडखळतो, गाळावा तर अभ्यासकाचे नुकसान होते. या प्रश्नांना बिनचूक उत्तर नाही. अनुवादकाने काहीतरी ठरवलेले असते आणि ते ५४७ वेळा पाळलेले असते. ते काय ठरवले, हे निवेदनात चार ओळींत सांगता येते. चार ओळींतल्या त्या माहितीने अनुवादकाचा जेवढा गौरव होतो, तेवढा ‘ओघवती’ या विशेषणाने होत नाही.

बारकाव्यांचाही विचार करावा लागतो. आगीत उडी घेण्याआधी ससा तीनदा अंग झाडतो. आपल्या केसांत एखादा किडा-जीव असेल तर तो उगाच मरू नये म्हणून. मुलांसाठी केलेल्या पुष्कळ आवृत्त्यांतून ही ओळ निघून जाते, कारण गोष्ट तिच्यावाचून अडत नाही. पण हीच ओळ सशाच्या दानाला बौद्ध दान बनवते. दुसऱ्याला जीव देताना तिसऱ्याचा जीव घ्यायचा नाही, हे त्यात आहे. लांब ग्रंथाचा अनुवाद करणाऱ्याची कसोटी अशा ओळींवर लागते. तिनशे सोळावी कथा करताना हात थकलेला असतो, पुढे दोनशेहून अधिक कथा दिसत असतात, आणि एक ओळ सुटली तर लगेच कोणाच्या लक्षात येणार नसते.

ती लक्षात येण्याची एक सोय मात्र या संग्रहातच आहे. चौथ्या निपातातल्या कथेत चार गाथा असायला हव्यात, पाचव्यातल्या कथेत पाच. अनुवादात तीनच आढळल्या तर एक कुठेतरी गळली, किंवा गद्यात मिसळली. काही कथांत जादा गाथा येतात, त्यामुळे हा नियम सगळीकडे काटेकोर चालत नाही. पण मुद्रिते तपासणाऱ्याला आणि चिकित्सक वाचकाला तो फार उपयोगी पडतो. अशी किल्ली वाचकाच्या हाती देणे हे निवेदनाचे खरे काम आहे.

दुसरी एक गोष्ट तर निवेदनात सांगितली नाही तर अनुवादकावर अन्यायच होतो. पहिल्या निपातातली ११०, १११ आणि ११२ या क्रमांकांची जातके पाहिली तर तिथे गोष्टच नाही. हा प्रश्न उम्मग्ग जातकात येईल, एवढीच सूचना आहे. ते महाउम्मग्ग जातक क्रमांक ५४६ वर, म्हणजे संग्रहाच्या अगदी टोकाला आहे. १७० आणि १९२ या क्रमांकांच्या जातकांतही बोट त्याच कथेकडे आहे. पहिला खंड विकत घेतलेल्या वाचकाला ही तीन रिकामी जागा दिसली की त्याचा समज होतो: अनुवादकाने कंटाळून सोडून दिले, किंवा छापखान्याने घोळ केला. वर्तमानकथेतही पुष्कळदा प्रसंग दिलेला नसतो. तो अमुक जातकात सांगितला आहे किंवा सांगितला जाईल, एवढेच असते. खंड एकामागून एक निघत असतील तर ज्या कथेकडे बोट दाखवले आहे ती अजून छापलेलीच नसते. मूळ ग्रंथच असा आहे, हे प्रकाशकाने आधी सांगितले तर अनुवादकाच्या माथी नसता दोष येत नाही.

खंडांच्या संख्येबरोबर आणखी एक अडचण वाढते, ती नावांची. पालीत सावत्थी, संस्कृतात श्रावस्ती. पालीत सक्क, संस्कृतात शक्र. मोग्गल्लान की मौद्गल्यायन, सारिपुत्त की शारिपुत्र? मराठी वाचकाला काही नावे संस्कृत रूपात सरावाची असतात, काही पाली रूपात. शेकडो राजे, नगरे, झाडे, पक्षी, धंदे यांची नावे सात खंडांत एकसारखी राहायला हवीत. पहिल्या खंडात एक रूप आणि पाचव्यात दुसरे आले तर वाचक त्यांना दोन माणसे समजतो. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात हे आणखी कठीण होते. सोळा पानांचा एक फर्मा, चारशे पानांचा खंड म्हणजे पंचवीस फर्मे. एक फर्मा छापून झाला की त्याचे खिळे सोडून पुढच्या मजकुरासाठी वापरले जात. छापलेल्या फर्म्यातली चूक दुरुस्त करायची तर शुद्धिपत्रच जोडावे लागे. अशा छपाईत अनुवादकाने आधीच नावांची यादी करून ठेवली असेल, गॅली प्रूफ आणि पान प्रूफ स्वतः पाहिले असेल, तर प्रकाशकाचा किती पैसा आणि किती मनस्ताप वाचतो, हे प्रकाशकालाच ठाऊक असते. त्यानेच ते सांगायला हवे. दुसरे कोणी सांगू शकत नाही.

एकट्या माणसाने हे काम पेलणे किती मोठी गोष्ट आहे, ते इंग्रजी अनुवादाच्या इतिहासावरून दिसते. केंब्रिजचे संस्कृतचे प्राध्यापक ई. बी. कॉवेल यांनी जातकांच्या इंग्रजी अनुवादाची योजना आखली, तेव्हा त्यांनी काम वाटून दिले. पहिला खंड रॉबर्ट चाल्मर्स यांचा, दुसरा आणि चौथा रूझ यांचा, तिसरा फ्रान्सिस आणि नील या दोघांचा, पाचवा फ्रान्सिस यांचा. १८९५ मध्ये सुरू झालेली ही मालिका १९०७ मध्ये पुरी झाली, आणि तोवर कॉवेल हयात नव्हते. त्यांनी हाती घेतलेला शेवटचा खंड रूझ यांनी पूर्ण केला. पाच विद्वान, बारा वर्षे, पाठीशी केंब्रिजचे मुद्रणालय. प्रत्येक खंडावर ज्याचे त्याचे नाव आहे, आणि अपुरे काम कोणी पुरे केले याचीही नोंद आहे. भारतीय भाषांत बंगालीत ईशानचंद्र घोष यांनी आणि हिंदीत भदंत आनंद कौसल्यायन यांनी हे काम एकहाती केले. मराठीत दुर्गाबाईंचे नाव त्या ओळीत बसते.

मराठीत त्याआधी निवडक जातककथा आल्या होत्या. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी पाली आणि बौद्ध धर्म मराठी वाचकाच्या घरापर्यंत आणला, त्यात जातकेही होती. निवड करणाऱ्याला चांगल्या गोष्टी वेचता येतात. संपूर्ण संग्रह करणाऱ्याला कंटाळवाण्या, पुनरुक्त, स्त्रियांविषयी कडवट बोलणाऱ्या, आज वाचताना खटकणाऱ्या कथाही तितक्याच इमानाने कराव्या लागतात. जातकांत अशा कथा थोड्या नाहीत. त्या सौम्य न करता जशाच्या तशा ठेवणे हेही अनुवादकाचे कर्तृत्व आहे, आणि ज्याला प्राचीन समाज समजून घ्यायचा आहे त्याला त्यांचीच गरज जास्त असते.

‘हेच काम याच व्यक्तीकडे का?’ या प्रश्नाचे उत्तरही प्रकाशकाने द्यावे. दुर्गाबाईंच्या बाबतीत ते ठोस आहे. त्यांचा ‘अर्ली बुद्धिस्ट जुरिस्प्रुडन्स’ हा प्रबंध १९३९ मध्ये पुस्तकरूपाने आला. विनयपिटकातले भिक्षुसंघाचे नियम, अपराध आणि शिक्षा हा त्याचा विषय. म्हणजे बौद्ध संघाचे रोजचे जीवन, उपोसथ, चीवर, भिक्षापात्र, संघातली भांडणे हे सगळे त्यांनी तरुणपणीच अभ्यासले होते, आणि जातकांच्या वर्तमानकथा याच जगात घडतात. पुढे त्यांचे आयुष्य लोकसाहित्याच्या अभ्यासात गेले. एकच कथा पंचतंत्रात, कथासरित्सागरात आणि आजीच्या तोंडी कशी वेगळी होते, हे त्यांना दिसत होते. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या लेखिकेला झाडे-पाखरे नुसत्या नावांनी ठाऊक नव्हती. थोरोच्या ‘वॉल्डन’चा अनुवाद त्यांनी केलेला असल्याने दुसऱ्याच्या वाक्याशी झटण्याचा सरावही होता. पाली, लोककथा, निसर्ग आणि अनुवाद या चारही वाटा एका व्यक्तीत एकत्र येणे दुर्मिळ. हे चार वाक्यांत लिहिले की ‘विदुषी’ हा शब्द वापरण्याची गरजही उरत नाही.

प्रकाशकाचे निवेदन काय लपवू शकते, याचेही एक मोठे उदाहरण आहे आणि ते प्रत्येक प्रकाशकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सिमोन द बोव्हुआर यांचा ‘ल दझिएम सेक्स’ हा दोन खंडांचा फ्रेंच ग्रंथ १९४९ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. करुणा गोखले यांच्या अनुवादामुळे ‘द सेकंड सेक्स’ मराठी वाचकांनाही परिचित आहे. त्याचा पहिला इंग्रजी अनुवाद एच. एम. पार्शली यांनी केला आणि न्यूयॉर्कच्या नॉफ या प्रकाशनसंस्थेने तो १९५३ मध्ये काढला. पार्शली प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. ग्रंथ फार लांब आहे, तो आटोपशीर व्हावा, अशी प्रकाशकाची इच्छा होती. पार्शलींनी आपल्या टिपणात काही ठिकाणी काटछाट आणि संक्षेप केल्याचे सांगितले आहे, लेखिकेच्या संमतीचाही उल्लेख आहे. पण किती आणि कुठे, हे वाचकाला कळत नव्हते.

तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, मार्गारेट सायमन्स या अभ्यासिकेने मूळ फ्रेंच आणि इंग्रजी शेजारी ठेवून गाळलेला मजकूर शोधला. इतिहासावरच्या भागातला मोठा मजकूर गेला होता आणि त्याबरोबर ७८ स्त्रियांची नावेही. पुढच्या अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे एकूण दहा ते पंधरा टक्के ग्रंथ इंग्रजीत आलाच नव्हता. इतकी वर्षे इंग्रजीतून हे पुस्तक वाचणारे आपण संपूर्ण ग्रंथ वाचत आहोत असे समजत होते. संपूर्ण इंग्रजी अनुवाद यायला २००९ साल उजाडले. तो कॉन्स्टन्स बोर्द आणि शीला मालोव्हनी-शेव्हालिए यांनी केला. दरम्यान सगळा दोष पार्शलींच्या खात्यावर जमा झाला होता. ते स्वतः बोलू शकत नव्हते, कारण पुस्तक निघाले त्याच वर्षी ते वारले. काटछाटीमागे प्रकाशकाचा आग्रह किती होता, आणि या पुस्तकासाठी पार्शलींनी किती जिवापाड काम केले होते, हे पुढे पत्रव्यवहारातून उजेडात आले.

इथे निवेदनाच्या नैतिकतेचा प्रश्न येतो. पुस्तक लहान करण्याचा निर्णय प्रकाशकाचा असेल, तर तो प्रकाशकाने आपल्या सहीने सांगितला पाहिजे. अनुवादकाची स्तुती करायची आणि आपल्या निर्णयाचा भार त्याच्या शिरावर ठेवायचा, हा गौरव नव्हे. मराठीतही लांब पुस्तके छापताना कागदाचा खर्च, विक्रीची किंमत, वाचकाचा धीर या कारणांनी प्रकरणे कमी केली जातात, टिपा आणि संदर्भसूची गाळल्या जातात. ‘संक्षिप्त अनुवाद’ असे स्पष्ट लिहिले तर त्यात गैर काही नाही. न लिहिता कापले तर पुढच्या अभ्यासकाला ते अनुवादकाचे अज्ञान वाटते.

म्हणून दीर्घ अनुवादाच्या निवेदनात काही गोष्टी नावानिशी याव्यात. कोणत्या भाषेतून, कोणत्या आवृत्तीवरून अनुवाद केला? जातकांच्या बाबतीत फाउसबॉलची रोमन लिपीतली संहिता समोर होती, की दुसरी एखादी, की इंग्रजी खंडही शेजारी होते, याने फरक पडतो; कारण पाठभेद असतात आणि कथांचे क्रमांकही त्यावर ठरतात. इंग्रजी मालिकेने बुद्धचरित्र सांगणारी आरंभीची निदानकथा घेतली नाही, कारण ऱ्हिस डेव्हिड्स यांनी ती १८८० मध्येच इंग्रजीत आणली होती. अशी एखादी जागा आपल्या आवृत्तीत आहे की नाही, हे सांगावे. काम किती वर्षे चालले, हस्तलिखित कोणी तपासले, अपुरे राहिलेले कोणी पुरे केले, तेही सांगावे. मराठीत याचा जुना दाखला आहे. जॉन्सनच्या ‘रासेलस’चा अनुवाद कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतला आणि विष्णुशास्त्रींनी पुरा केला, दोन्ही नावे टिकली म्हणून आज आपल्याला कुठे वडिलांचे गद्य आणि कुठे मुलाचे, हा विचार करता येतो.

नावाची जागा हाही प्रश्न किरकोळ नाही. अनुवादकाचे नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात आणि मूळ लेखकाचे मुखपृष्ठावर ठळक, ही पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी चालते. जातकांना तर लेखकच नाही. तिथे मराठी पुस्तकाच्या प्रत्येक वाक्याची जबाबदारी जिने घेतली, ती एकच व्यक्ती आहे. कायद्यानेही हे मान्य केले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अनुवाद ही स्वतंत्र वाङ्मयकृती आहे आणि तिचा हक्क अनुवादकाच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. आपले नाव कृतीला जोडले जावे आणि तिची मोडतोड होऊ नये, असा वेगळा अधिकारही लेखकाला याच कायद्याने दिला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टींवर कोणाचीच मालकी नाही. पण त्यांच्या मराठी वाक्यांवर आहे.

दुर्गाबाई ७ मे २००२ रोजी गेल्या. म्हणजे त्यांच्या अनुवादावरचा हक्क ३१ डिसेंबर २०६२ पर्यंत राहील. तोपर्यंत या सात खंडांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, तर त्या काढणाऱ्या प्रकाशकाने एक पान राखून ठेवावे. त्या पानावर मूळ संहितेचे नाव लिहावे, निपातांची रचना समजावून सांगावी, ११०, १११ आणि ११२ या जागा रिकाम्या का दिसतात ते सांगावे, पाली नावे कशी लिहिली आहेत ते सांगावे, आणि नव्या आवृत्तीत काही बदलले असेल तर कोणी व का बदलले ते आपल्या सहीने मांडावे. वाचकांनीही एवढे करावे: कोणताही जाडजूड अनुवाद विकत घेताना आधी हे पान उघडून पाहावे, आणि ते नसेल तर प्रकाशकाला पत्र लिहून मागावे.